मैत्रिणीचा गर्भ टिकला नाही. तिला काय लिहावे आणि काय लिहू नये?

शर्वरी_ठाणे

नमस्कार. माझी महाविद्यालयापासूनची मैत्रीण नागपूरला असते. तिला अकरावा आठवडा चालू होता. सोमवारी ती नेहमीच्या सोनोग्राफीसाठी गेली, तेव्हा ठोके मिळाले नाहीत आणि वाढ साडेआठ आठवड्यांच्या सुमारास थांबली असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आधी गोळ्या देऊन पाहिल्या, परंतु पिशवी पूर्ण रिकामी न झाल्यामुळे काल क्युरेटिंग करावे लागले. हे सर्व मला तिच्या यजमानांकडून समजले. ती अद्याप कोणाशी बोललेली नाही.

मला तिला पत्रासारखा एक सविस्तर संदेश पाठवायचा आहे. अडचण अशी, की मला स्वतःला पाचवा महिना चालू आहे आणि तिला ते माहीत आहे. मी लिहिलेला मसुदा खाली देत आहे. त्यात काही टोचण्यासारखे असेल तर कृपया स्पष्ट सांगावे.

"प्रिय म., बातमी ऐकून मन सुन्न झाले. पण देवाने काहीतरी चांगलेच योजले असेल. इतक्या लवकर लक्षात आले हे एका अर्थी बरेच झाले. तू मुळातच खंबीर आहेस, त्यामुळे यातूनही सावरशील. तुम्ही दोघे अजून तरुण आहात, पुढच्या वेळी सगळे नीट होईल. आता कसे वाटते आहे? काहीही लागले तर निःसंकोच सांग. तुझी शर्वरी."

गौरांग७७

आपल्या मैत्रिणीने पुढील खेपेस पहिले तीन महिने पूर्ण विश्रांती घ्यावी, पपई आणि अननस टाळावेत, आणि प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. माझ्या वहिनींना त्यांचा उपयोग झाला होता. नागपुरात दुसरे मत घ्यायचे असल्यास मी चौकशी करून सांगू शकेन.

शर्वरी_ठाणे

गौरांग, आपला हेतू चांगला आहे हे समजते, पण मी उपचार विचारत नसून पत्राबद्दल विचारते आहे. पुढच्या खेपेचा विषय तिच्यापुढे आत्ता काढायचाच नाही, एवढे तरी मला कळते.

(आणि तरीही माझ्याच मसुद्यात "पुढच्या वेळी" आहे, हे आता लिहिताना लक्षात आले.)

तर्कनिष्ठ

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करतो. माझ्या मते देव आणि नशीब बाजूला ठेवून सरळ वस्तुस्थिती लिहावी. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ न टिकण्याच्या घटनांपैकी जवळजवळ निम्म्या गुणसूत्रांतील दोषामुळे घडतात. समजलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के अशा रीतीने संपतात. म्हणजे हे अजिबात दुर्मीळ नाही आणि यात तिचा दोष नाही. "निसर्गच सदोष गर्भ पुढे जाऊ देत नाही" हे एक वाक्य घातले, की तिच्या मनातील अपराधभाव जाईल.

नीलांबरी

शर्वरी, मी अनेक वर्षे एका रुग्णालयाच्या प्रसूती विभागात समाजसेविका म्हणून काम केले आहे, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

तर्कनिष्ठ यांची माहिती बरोबर आहे, पण तिची जागा चुकली आहे. त्या बाईला "माझे काय चुकले?" हा प्रश्न पडतोच. जिना चढले म्हणून का, गाडीवरून गेले म्हणून का, सासूबाईंनी नको म्हटलेले खाल्ले म्हणून का, अशी यादी ती रात्रभर मनात चाळत असते. तिने तो प्रश्न तोंडाने विचारला, तर "नाही, तुझ्या हातून काहीही चुकलेले नाही, अशा वेळी बहुतेकदा गुणसूत्रांचीच जुळणी बिघडलेली असते" हे उत्तर जरूर द्यावे, आणि ते डॉक्टरांच्या तोंडून आले तर अधिक चांगले. परंतु तिने विचारण्याआधीच पत्रात ते लिहिले, तर तिला त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात: जे गेले ते सदोषच होते, आणि जे इतक्या जणींचे होते त्याचे एवढे काय. "निसर्गच पुढे जाऊ देत नाही" हे वाक्य तर मी कोणाच्याही तोंडी ऐकले तरी अस्वस्थ होते, कारण त्यात निसर्गाने उपकार केल्याचा सूर आहे.

आता मसुदा. "मन सुन्न झाले" हे ठीक आहे, ते तुमचे खरे आहे. "लवकर लक्षात आले ते बरे झाले" हे काढाच. आठवडे आपण मोजतो. तिने या काळात उलट्या सोसल्या आहेत, गोळ्या घेतल्या आहेत, सुट्टीचा हिशेब मांडला आहे, आईला सांगावे की तीन महिने थांबावे यावर नवऱ्याशी वाद घातला आहे. तिच्यासाठी हे लवकर नव्हते. अशी बहुतेक वाक्ये "निदान" या एका शब्दाने सुरू होतात किंवा तो शब्द त्यांच्या पोटात दडलेला असतो: निदान लवकर कळले, निदान गर्भ राहतो हे तरी समजले, निदान तुझ्या जिवावर बेतले नाही. पत्र लिहून झाले की प्रत्येक वाक्याच्या आधी मनातल्या मनात "निदान" जोडून पाहा. जे वाक्य त्यानंतरही सुरळीत वाचता येते, ते गाळा.

"तू खंबीर आहेस" हे कौतुक वाटते, पण ते वाचल्यावर तुमच्यापुढे रडण्याची तिला सोय राहत नाही. "तरुण आहात" याबद्दल तुम्ही स्वतःच लिहिले आहे.

"आता कसे वाटते आहे?" हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. क्युरेटिंगनंतर काही दिवस, क्वचित दोन आठवडेही, रक्तस्राव चालू राहतो, ओटीपोटात दुखते, आणि शरीरातील गर्भारपणाची संप्रेरके हळूहळू उतरत असल्यामुळे मळमळ किंवा छातीतील जडपणा लगेच जात नाही. घरी चाचणी केली तर ती दोन-तीन आठवडे होकारार्थीसुद्धा येऊ शकते. ज्या बाईचे शरीर अजून "आहे" म्हणते आहे, तिने "कसे वाटते" याचे काय उत्तर लिहावे? पत्रात एकही प्रश्नचिन्ह ठेवू नका.

"काहीही लागले तर सांग" याचीही तीच गत आहे. काय लागेल ते तिने ठरवायचे, मग शब्द जुळवायचे, मग तुमच्याकडे मागायचे. त्याऐवजी तुम्ही काय करणार आहात ते लिहा, आणि ते नको असेल तर नाही म्हणण्याची वाट मोकळी ठेवा.

राहता राहिला देव. त्याबद्दल मी दुसऱ्यांना बोलू देते, कारण तिची श्रद्धा कशी आहे हे मला ठाऊक नाही.

कुमुदिनी_सांगली

माझे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. आमच्या वेळी या गोष्टीचे कोणी नावसुद्धा घेत नसे. मला सांगावेसे वाटते, की "देवाची मर्जी" या शब्दांना आपण उगीच बदनाम करतो. माझा दुसरा गर्भ गेला तेव्हा माझी आत्या माझ्या शेजारी बसून एवढेच म्हणाली, की देवाची मर्जी आपल्याला कळत नाही गं. मला त्या क्षणी ते पटले आणि पुष्कळ हलके वाटले. सगळ्यांनाच हे बोलणे लागते असे नाही.

नीलांबरी

कुमुदिनीताई, आपल्या आत्याबाई "कळत नाही" म्हणाल्या. "देवाने काहीतरी चांगलेच योजले असेल" असे त्या म्हणाल्या नाहीत. पहिल्यात त्या तुमच्या शेजारी, तुमच्याइतक्याच अज्ञानात बसल्या आहेत. दुसऱ्यात बोलणारी व्यक्ती देवाच्या वतीने हिशेब पुरा करून देते. शिवाय त्या तुमच्या आत्या होत्या आणि प्रत्यक्ष शेजारी होत्या. तेच शब्द मोबाइलच्या पडद्यावर एकटे पडतात. म. श्रद्धाळू असेल आणि तिने स्वतः देवाचे नाव काढले, तर शर्वरीने जरूर त्या सुरात सूर मिळवावा. सुरुवात मात्र तिने करू द्यावी.

कुमुदिनी_सांगली

हे मला मान्य आहे. पण एक विचारते. इतके मोजूनमापून लिहायचे म्हटले तर माणसे घाबरून लिहिणारच नाहीत. आमच्याकडे सगळे गप्प बसले होते, आणि ती गप्प राहण्याची शिक्षा चुकीच्या शब्दांपेक्षा वाईट होती.

प्राची_न्यूजर्सी

कुमुदिनीकाकूंना शंभर टक्के अनुमोदन. माझा गर्भ चौदाव्या आठवड्यात गेला. इथल्या मराठी मंडळातील ओळखीच्या सगळ्या जणींना ते समजले होते, कारण नुकतीच माझी चोरओटी झाली होती आणि तिला त्या आल्या होत्या. त्यानंतर कोणीही त्याबद्दल एक अक्षर काढले नाही. गणपतीत भेटल्यावर सगळ्या माझ्याशी आरास आणि पुरणपोळीवर बोलत होत्या. मला "तुला त्रास नको म्हणून आम्ही विषय काढला नाही" हे नंतर कळले. मला वाटत होते, की यांच्या लेखी काही घडलेच नाही.

एकीने मात्र दोन ओळी पाठवल्या होत्या: "मला समजले. मला फार वाईट वाटते आहे. मी तुझी आठवण काढते आहे." त्यात काहीच विशेष नव्हते. तो संदेश मी अजून जपून ठेवला आहे.

एक व्यावहारिक गोष्टही सांगते. गर्भारपणाची जी ॲप फोनवर घेतलेली असतात, ती दर आठवड्याला "तुमचे बाळ आता लिंबाएवढे झाले" असे कळवत राहतात. बऱ्याच ॲपमध्ये गर्भ गेल्याची नोंद करून सूचना थांबवण्याची सोय असते, पण ते बटण त्या बाईला स्वतः दाबायला लागू नये. शर्वरी, तिच्या यजमानांशी बोलत असाल तर त्यांना हे सुचवा. पुढच्या सोनोग्राफीची ठरलेली वेळ आणि तिची आठवण करून देणारा संदेशही रद्द करायला सांगा.

शर्वरी_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. नीलांबरीताईंच्या सांगण्याप्रमाणे "निदान" लावून पाहिले, तर मसुद्यात पहिले वाक्य आणि माझी सही एवढेच उरले. पुन्हा लिहिले आहे:

"प्रिय म., सोमवारी काय कळले आणि काल काय करावे लागले, ते मला समजले आहे. मला फार वाईट वाटते आहे. मे महिन्यात तू मला फोनवर सांगितलेस, तेव्हा आधी हसलीस आणि मग कोणाला सांगू नकोस म्हणून तीनदा बजावलेस. तुला हे किती हवे होते ते मला माहीत आहे. या पत्राला उत्तर देऊ नकोस आणि माझा फोन उचलला नाहीस तरी चालेल. माझी अवस्था तू जाणतेस. सध्या माझ्याशी बोलणे, माझा आवाज ऐकणेही जड जाणार असेल, तर ते मला समजेल आणि मी ते मनाला लावून घेणार नाही. तुमच्या घराजवळच्या पोळीभाजी केंद्रातून आठवडाभर रोज संध्याकाळी दोघांचा डबा येईल असे मी ठरवते आहे. नको असेल तर तुझ्या घरून मला फक्त 'नको' एवढे कळू दे. पुढच्या रविवारी मी पुन्हा दोन ओळी लिहीन. शर्वरी."

माझ्या गर्भारपणाचा उल्लेख करावा की गाळावा, हे मला अजून ठरवता येत नाही.

तर्कनिष्ठ

मी असतो तर तो गाळला असता. तिच्या दुःखाच्या पत्रात स्वतःचा विषय कशाला? माझे आधीचे वाक्य मात्र मी मागे घेतो. आकडे तिने विचारल्यावर द्यावेत हे पटले.

नीलांबरी

मी तो ठेवीन. तुमचे नाव पडद्यावर दिसताच तिच्या मनात पहिला विचार तोच येणार आहे. तो तुम्ही एका वाक्यात बोलून टाकला, तर तो लपवण्याचे ओझे तिच्यावर राहत नाही. अट एवढीच, की ते एकच वाक्य असावे आणि त्यात "मला अपराधी वाटते" असे काही येऊ नये. तसे लिहिले, की तुमची समजूत काढण्याचे काम तिच्याकडे जाते. तुम्ही लिहिलेले वाक्य मला योग्य वाटते.

मे महिन्यातल्या फोनची आठवण तर अजिबात गाळू नका. फोनवरचे ते हसणे आणखी एका व्यक्तीने ऐकले होते, हे तिला त्यातून कळते.

एकच बदल सुचवते. "तुला हे किती हवे होते" यातील "हे" मला फार सावध वाटते. "हे बाळ" लिहावे.

प्राची_न्यूजर्सी

नीलांबरीताई, या बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही. मला "बाळ" हा शब्द त्या काळात सहन होत नव्हता. मी त्याला बाळ म्हटलेच नव्हते, मुद्दाम म्हटले नव्हते, कारण माझी आधीही एकदा निराशा झाली होती. दुसऱ्या कोणी तो शब्द वापरला असता तर माझा तोल गेला असता.

नीलांबरी

आणि मी अशा कितीतरी जणी पाहिल्या आहेत, ज्यांना डॉक्टरांनी "प्रॉडक्ट" म्हटल्याचे सर्वांत जास्त लागले होते. त्यामुळे मला "बाळ" म्हणावेसे वाटते. पण आपले म्हणणे खरे आहे, याला नियम नाही. शर्वरी, मेमधल्या त्या फोनवर तिने स्वतः कोणता शब्द वापरला होता तो आठवून पाहा. तोच वापरावा.

शर्वरी_ठाणे

ती "आमचं पिल्लू" म्हणाली होती. तो शब्द तिचा आणि तिच्या नवऱ्याचा आहे, तो मी वापरणे मला बरोबर वाटत नाही. "हे" असेच ठेवते आहे. पत्र आज पाठवते.

अविनाश_कोल्हापूर

मी फारसे लिहीत नाही, पण इथे एक बाजू राहिली आहे असे वाटले. आमच्याबाबतीत हे घडले तेव्हा मला जे फोन आले, त्या प्रत्येकात "वहिनी कशा आहेत?" एवढाच प्रश्न होता. तो योग्यच होता, पण रिक्षात बसवून तिला घरी आणणारा, औषधांच्या दुकानात उभा राहणारा आणि दोन्ही घरी फोन करून सांगणारा मीच होतो, आणि मला तुमचे कसे चालले आहे असे कोणी विचारले नाही. शर्वरीताई, त्या भाऊंना तुम्ही रोज निरोप विचारत असाल, तर त्यांना स्वतंत्रपणे एक ओळ लिहा. ती तिची ख्यालीखुशाली विचारणारी नको, त्यांच्यासाठीच असावी.

दुसरे, रजेचे. माझी पत्नी एका खासगी कंपनीत होती आणि तिला तिथे आजारपणाची चार दिवस रजा टाकायला सांगितले गेले. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ प्रमाणे गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा मिळण्याची तरतूद होती, हे आम्हाला फार उशिरा समजले. डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते. तुमची मैत्रीण नोकरी करत असेल, तर त्या भाऊंनी रुग्णालयातून घरी जातानाच ते मागून घ्यावे आणि तिच्या कार्यालयात कोणते नियम लागू आहेत ते विचारावे. हे मात्र तिच्या पत्रात लिहू नका, त्यांनाच सांगा.

शर्वरी_ठाणे

अविनाशदादा, त्यांना मी आजच लिहिले, आणि प्रमाणपत्राचेही कळवले. त्यांचे उत्तर आले: "थँक्यू. पहिल्यांदाच कोणी विचारलं." ॲप त्यांनी काढून टाकले आहे.

आता पुढची अडचण सांगते. श्रावणात माझे डोहाळजेवण आहे. सासूबाईंनी यादी केली आहे आणि त्यात म.चे नाव आहे, कारण त्यांना काहीच माहीत नाही. तिला बोलवावे, की न बोलावता गप्प राहावे?

गौरांग७७

न बोलवणेच बरे. कळले नाही तर त्रासही होणार नाही.

नीलांबरी

गौरांग, कळल्याशिवाय राहत नाही. महाविद्यालयाच्या गटावर हिरव्या साडीतले आणि फुलांच्या दागिन्यांतले छायाचित्र कोणीतरी त्याच संध्याकाळी टाकते, आणि मग आपल्याला वगळले, हे तिला सगळ्यांबरोबर समजते.

शर्वरी, गटावर आमंत्रण जाण्याच्या चार-पाच दिवस आधी तिला एकटीला लिहा. फोन करू नका, कारण फोनवर तिला लगेच आनंदी आवाज काढावा लागेल. मजकूर साधारण असा असावा: "अमुक तारखेला माझे डोहाळजेवण आहे. गटावर कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावे म्हणून लिहिते आहे. तू येणार नाहीस असे धरूनच मी चालले आहे. यावेसे वाटले तर तुझी जागा आहेच. उत्तराची गरज नाही." सासूबाईंना कारण सांगायचे का, हे आधी म.च्या यजमानांना विचारा. ती बातमी तिची आहे. ती परवानगी देत नसेल तर "तिला रजा मिळत नाही" एवढे पुरे.

आणि एक तारीख आत्ताच वहीत लिहून ठेवा. अकराव्या आठवड्यात जूनचा मध्य होता, म्हणजे तिची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येत असणार. तोवर बाकी सगळे विसरलेले असतील, आणि लगेच संक्रांतीची हळदीकुंकवे सुरू होतील, ज्यांत दर दुसरी बाई तिला "काय, काही गोड बातमी?" असे विचारेल. त्या आठवड्यात तिला दोन ओळी लिहा.

शर्वरी_ठाणे

तोवर माझे बाळंतपण झालेले असेल, सगळे ठीक झाले तर. घरात तान्हे मूल असताना मी त्या आठवड्यात तिला लिहिणे योग्य होईल का, की ते तिला अधिकच लागेल?

नीलांबरी

याचे उत्तर आज माझ्याकडे नाही. त्या वेळी तुमचे आपसात बोलणे कसे चालू आहे, यावर ते ठरेल.

प्राची_न्यूजर्सी

मला विचाराल तर लिहा. माझ्या तारखेला कोणीच लिहिले नव्हते.

कुमुदिनी_सांगली

मी असते तर मैत्रिणीने थोडे थांबावे असे मला वाटले असते. पण माझ्या वेळी कोणाला तारीख माहीतच नसायची. शर्वरी, डिसेंबरात तिच्या यजमानांना एकदा विचारून बघ बाळा, आणि तूही जिवाला जप.